हरवलेल्या बॅगेची तक्रार

प्रश्न: विमानात बॅग हरवली, कंपनीला तक्रार कशी लिहू?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाबाहेर पडण्याआधीच काउंटरवर पीआयआर, म्हणजे बॅग हरवल्याचा क्रमांकासह अहवाल, लिहून घ्या; तक्रार त्याच क्रमांकावर उभी राहते. माझी बॅग हैदराबादहून येताना गेली. मेलमध्ये आधी तारीख, उड्डाण क्रमांक, पीएनआर, बॅगेच्या टॅगचा क्रमांक आणि चेक-इनचं वजन दिलं, १४ किलो. मग वस्तू: पैठणी १२,०००, कपडे ६,५००, बूट २,८००, बॅग ३,२००. पैठणीची पावती आईनं डब्यात जपून ठेवलेली, तीच कामाला आली; बाकीच्यांना यूपीआयच्या नोंदी जोडल्या. बेरीज २४,५०० झाली, पण देशांतर्गत प्रवासात कंपनीची जबाबदारी सहसा माणशी २०,००० रुपयांपर्यंतच असते, म्हणून तेवढेच मागितले. आकडा स्पष्ट लिहाच, नाहीतर किलोमागे किरकोळ रक्कम देऊन बोळवण करतात.