भाड्यावरील टीडीएस: भाडेकरूला काय लिहावे?

प्रश्न: इंदूरमधले माझे घर दरमहा 55,000 रुपये भाड्याने दिले आहे. नोकरदार भाडेकरूला टीडीएसबद्दल काय लिहू, काय मागू?

मी माझ्या भाडेकरूंना असे लिहिले असते: “आपले भाडे महिन्याला 50,000 रुपयांहून अधिक असल्याने 2025-26 च्या एकूण 6,60,000 रुपयांवर 2 टक्के, म्हणजे 13,200 रुपये, आपण मार्चच्या भाड्यातून एकदाच कापून मला 41,800 रुपये द्यावेत आणि कापलेली रक्कम फॉर्म 26QC भरून 30 एप्रिलपर्यंत जमा करावी, त्यासाठी टॅन हा कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक लागत नाही. कृपया आपला पॅन, चलनाची पोच आणि नंतर फॉर्म 16C हे टीडीएसचे प्रमाणपत्र पाठवावे.”

स्वतःचा पॅन मात्र टाइप करूनच द्या. माझ्या हस्ताक्षरातला 1 एका भाडेकरूने 7 वाचला, रक्कम माझ्या नावे जमा कर दाखवणाऱ्या 26AS मध्ये दिसेना आणि दुरुस्ती त्यालाच करावी लागली.