महिन्याच्या सुरुवातीचे भाडे आणि आजची एकरकमी किंमत

प्रश्न : मालवणच्या बाजारात कोकम आगळ, आमरस, काजूगर विकण्यासाठी गाळा घेत आहे. भाडे दरमहा १०,००० रुपये, प्रत्येक महिन्याच्या १ तारखेला, तीन वर्षे. मालक म्हणतात, आज एकदम ३,०३,००० दिलेत तर तिन्ही वर्षांचे भाडे फिटले. पैसे १२ टक्के व्याजाच्या कॅश क्रेडिटमधून काढावे लागतील. एक्सेलमध्ये मासिक भाड्याचे वर्तमान मूल्य ३,०१,०७५ आले, म्हणजे एकरकमी देणे महाग पडते. हिशेब बरोबर आहे ना?

उत्तर : व्याजदर आपण योग्य घेतला आहे. पैसा कॅश क्रेडिटमधून येणार आणि बँक त्यावर महिन्याला व्याज लावणार, म्हणून महिना १ टक्का हाच आपल्यासाठी पैशाचा खरा भाव आहे. चूक तारखेत झाली आहे. आपल्या सूत्राने पहिले भाडे आजपासून एक महिन्याने दिले जाईल असे धरले; त्या पद्धतीला ऑर्डिनरी ॲन्युइटी म्हणतात आणि कर्जाच्या हप्त्यांना ती बरोबर लागू पडते. आपले पहिले भाडे मात्र किल्ली हातात घेतानाच द्यायचे आहे. आज द्यायच्या १०,००० रुपयांचे आजचे मूल्य पूर्ण १०,००० असते, त्यातून काहीही वजा होत नाही, आणि पुढचे प्रत्येक भाडेही सूत्राने धरलेल्या तारखेच्या एक महिना आधी खिशातून जाते. याला ॲन्युइटी ड्यू म्हणतात.

त्यामुळे छत्तीसही भाडी एकेक महिना अलीकडे सरकतात आणि दोन उत्तरांतला फरक नेमका संपूर्ण मूल्यावरच्या एका महिन्याच्या व्याजाएवढा येतो. ३,०१,०७५ चा १ टक्का म्हणजे ३,०११. तो मिळवला की ३,०४,०८६ हे खरे मूल्य मिळते. एक्सेलमध्ये यासाठी सूत्राच्या शेवटी १ लिहावा लागतो, कारण ती जागा रिकामी सोडली तर एक्सेल महिनाअखेरचे भाडे धरते :

```
=PV(1%,36,-10000,0,1)
```

आपले सूत्र कोणत्या पद्धतीचे आहे हे ओळखायचे असेल तर ३६ च्या जागी १ घालून पाहावे. उत्तर बरोबर १०,००० आले तर सूत्र सुरुवातीच्या भाड्याचे आहे. ९,९०१ आले तर ते महिनाअखेरचे आहे.

आता निष्कर्ष उलटतो. मासिक भाडे आज ३,०४,०८६ ला पडते आणि मालक ३,०३,००० मागतात, म्हणजे कागदावर एकरकमी देणे १,०८६ रुपयांनी स्वस्त आहे. तरीही या भावाने आपण एकरकमी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर १२ टक्क्यांच्या हिशेबात केवळ व्याज मोजले गेले आहे. मर्यादा अडकून पडण्याची किंमत त्यात नाही. एकरकमी दिल्यास आज मासिक पर्यायापेक्षा २,९३,००० रुपये जास्त उचलावे लागतील, आणि एप्रिल-मे महिन्यांत आंबा बागायतदारांचे पैसे रोख चुकवताना तीच मर्यादा आपल्याला लागणार आहे. पुढे पावसाळ्यात पर्यटक थांबले की विक्री मंदावते आणि उचललेली रक्कम लवकर खाली येत नाही. शिवाय दुकान चालले नाही तर मासिक भाडे कराराप्रमाणे सूचना देऊन थांबवता येते, पण दिलेली रक्कम परत मिळवण्यासाठी मालकाच्या मागे लागावे लागते. तीन वर्षांसाठी ही जोखीम पत्करायला १,०८६ रुपये फार थोडे आहेत.

हाच पैसा महिना ०.६ टक्के देणाऱ्या ठेवीत पडून असता तर मी वेगळे सांगितले असते. त्या दराने याच भाड्याचे वर्तमान मूल्य सुमारे ३,२४,८०० होते आणि ३,०३,००० देण्यात जवळपास २२,००० रुपयांचा फायदा दिसतो. भाडे तेच, तारखाही त्याच. पैसा कुठून येतो यावर निर्णय फिरतो.

मालक २,९०,००० च्या आसपास तयार झाले तर विचार करण्याजोगे आहे, कारण मग बचत १४,००० रुपयांच्या घरात जाते. तेव्हाही संपूर्ण रक्कम भरल्याची नोंद लिव्ह अँड लायसन्स करारात असावी आणि करार नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मुदतीआधी गाळा सोडल्यास किती रक्कम परत मिळेल, तेही आकड्यांत लिहून घ्यावे. उदाहरणार्थ, २४ महिने संपताच गाळा सोडलात तर उरलेल्या बारा भाड्यांचे त्या दिवसाचे मूल्य, सुरुवातीच्या भाड्याच्या याच पद्धतीने आणि याच दराने, १,१३,६७६ रुपये होते. परताव्याची बोलणी त्या आकड्यापासून सुरू करावीत.