पगार सारखा, तास वरखाली: सही करण्याआधी

"सर, लेस्टरजवळ वेअरहाऊसला आहे, तासाला १३ पौंड, ३७.५ तासांच्या वर दीडपट. आता १ एप्रिलपासून अॅन्युअलाइज्ड अवर्स म्हणतायत. वर्षाचे १९५० तास, दर महिन्याला सारखा पगार, हिशोब मार्चला. उन्हाळ्यात आठवड्याला ३० तास, ऑक्टोबरपासून ४५. घेऊ का? पुढच्या वर्षी घर घ्यायचंय, आणि खरं सांगायचं तर नोकरीही शोधतोय."

घर घ्यायचंय म्हणून घ्या म्हटलं असतं, पण तुमचं ते शेवटचं वाक्य वाचून थांबलो.

आधी सोपं गणित. १९५० गुणिले १३ म्हणजे २५,३५० पौंड, महिन्याला २११२.५०. आता एप्रिल ते सप्टेंबर २६ आठवडे तुम्ही ३० तास काम करणार आणि पगार घेणार ३७.५ चा, म्हणजे आठवड्याला साडेसात तास उधारीवर. सप्टेंबरअखेर ती उधारी होते १९५ तास, २५३५ पौंड. त्याच वेळी नवीन नोकरी लागली आणि राजीनामा दिलात तर हा आकडा तुमच्या एका महिन्याच्या पगारापेक्षा मोठा आहे, आणि कापायचं कलम तुम्ही सही केलेल्या कागदात असेल तर शेवटचा पगार जवळजवळ अख्खा जाऊ शकतो. हेच वर्ष ऑक्टोबरला सुरू झालं असतं तर उलटं, मार्चअखेर कंपनीच तुमची देणेकरी. म्हणून वर्ष कधी सुरू होतं हे आधी बघायचं, लोक नेमकं तेच बघत नाहीत आणि महिन्याचा आकडा बघून खूश होतात.

दुसरं, दीडपट गेलं. हिवाळ्यात तुम्ही तेवढेच १९५ तास जास्त करणार, पण ते उन्हाळ्याचे तास फेडण्यात जाणार, म्हणजे तासाला वरचे साडेसहा पौंड गेले, वर्षाला १२६७.५०. महिन्याला साधारण १०६ पौंड. ही सारख्या पगाराची किंमत समजा. मॉर्गेजला ती कदाचित परवडेल, कारण बरेच लेंडर ओव्हरटाइम पूर्ण धरत नाहीत, बेसिक मात्र पूर्ण धरतात.

एचआरला ईमेलवर दोन गोष्टी विचारा, तोंडी नको. कंपनीनेच काम दिलं नाही आणि मार्चला तास कमी भरले तर ते माफ होणार की पुढच्या वर्षात ओढणार? आणि डिसेंबरात आजारी पडलात तर रोटावरचे, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकातले तास धरणार की सरासरीचे? माझ्या एका क्लायंटला आजारपणात नऊ तासांच्या शिफ्टला साडेसातच मिळाले, पाच दिवसांत साडेसात तास गेले, ते त्याला कळलं मार्चमध्ये.

माझं मत, नोकरी हिवाळ्याआधी बदलायची असेल तर सही नको, निदान पर्याय असेल तर. राहणार असाल तर घ्या, पण उन्हाळ्यात महिन्याला ४०० पौंड वेगळ्या खात्यात टाका (सहा महिन्यांत २४०० होतात, उधारीच्या जवळपास) आणि रोटाचा स्क्रीनशॉट दर रविवारी काढून ठेवा.