भुजच्या भूकंपाचे दोन आकडे

प्रश्न: भुजच्या भूकंपाला (२६ जानेवारी २००१) आपल्या हवामान खात्याने ६.९ रिश्टर सांगितले आणि अमेरिकेने ७.७. नक्की कोणाचे यंत्र चुकले?

यंत्र कोणाचेच चुकले नाही, कारण ६.९ किंवा ७.७ हे आकडे यंत्र दाखवतच नाही. भूकंपमापक फक्त आपल्या पायाखालची जमीन कशी हलली ते नोंदवतो. स्प्रिंगला टांगलेले वजन जडत्वामुळे मागे राहते, चौकट जमिनीबरोबर हलते आणि त्या दोघांतला फरक कागदावर किंवा आता संगणकात उमटतो. त्यात आधी भूकंपाच्या वेगवान पी लहरी येतात, मग त्यांच्यापेक्षा हळू धावणाऱ्या एस लहरी. जवळच्या भूकंपात दोन्हींमधले सेकंद ८ ने गुणले की अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळते. म्हणजे २५ सेकंदांचा फरक असेल तर भूकंप साधारण २०० किलोमीटरवर.

मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंप किती मोठा हे सांगणारा आकडा, त्यानंतर काढायचे असते. रिश्टर या अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये कॅलिफोर्नियासाठी ठरवले की, एका ठराविक यंत्रावर १०० किलोमीटरवरून १ मिलिमीटरची रेघ उठली तर ३, १० मिलिमीटरची उठली तर ४. इतर अंतरांसाठी दुरुस्ती करायची. पण ते यंत्र प्रामुख्याने झटपट थरथर टिपायचे, आणि मोठ्या भूकंपात गोची इथेच होते. भ्रंश, म्हणजे जिथे खडक एकमेकांवरून सरकतात ती भेग, लांबलचक फाटत जातो तेव्हा थरथरीची उंची एका मर्यादेपलीकडे फारशी वाढत नाही. वाढतो तो हादऱ्याचा काळ आणि संथ लहरींचा जोर. मिरवणुकीत नुसता ताशा ऐकून ढोल किती आहेत ते सांगण्यासारखे आहे हे. त्यामुळे सातच्या आसपास रिश्टरचा आकडा अडकतो.

७.७ हे मोमेंट मॅग्निट्यूड. त्यासाठी संथ लहरींवरून काढतात की किती क्षेत्रफळाचा भ्रंश किती मीटर सरकला आणि खडक किती ताठ होता. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे मोमेंट, आणि तो असा अडकत नाही. भुजसाठी मी हाच आकडा धरेन. तुम्हाला ०.८ चा फरक किरकोळ वाटत असेल, पण एका अंकाला ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, म्हणून ०.८ ला सुमारे १६ पट.

आता किल्लारी बघा. ३० सप्टेंबर १९९३, मोमेंट मॅग्निट्यूड ६.२. भुजपेक्षा १.५ ने कमी, म्हणजे ऊर्जा भुजच्या सुमारे पावणेदोनशेव्या हिश्शाएवढी. तरी माणसे गेली दहा हजारांच्या घरात. भूकंप उथळ होता, वेळ पहाटे चारच्या सुमाराची, सगळे झोपेत, आणि घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर मातीचे जड माळवद. यातले काहीच मॅग्निट्यूडमध्ये धरलेले नसते. एखाद्या गावात हादरा किती बसला हे सांगायला एमएसके किंवा मर्काली मोजपट्टी वापरतात, ती भिंती-छपरांची अवस्था आणि लोकांचे अनुभव बघून ठरते आणि गावागणिक बदलते.