चाळीशीत सुरुवात, आणि पंचावन्नला रिटायरमेंट?

"मॅडम, चाळीस पूर्ण झाली, रिटायरमेंटसाठी बाजूला काहीच नाहीये. दोनदा नोकरी बदलली तेव्हा पीएफ काढून घेतला. महिना १५ हजार टाकले तर ५५ ला सुटता येईल का?"

दादा, ५५ ला नाही जमणार. ६० ला जमेल, पण तेही १५ हजारांवर अडून बसलात तर नाही.

त्यांच्याशी बोलताना मी आधी खर्चाची वही काढायला लावली. घराचा हप्ता आणि मुलीची फी वजा केली तर दोघांचा महिना ३२ हजारांत चालतो. महागाई ६ टक्के धरली की वीस वर्षांनी तेच जगणं लाखाच्या थोडं वर जातं, आणि ६० ते ८५ पुरवायचं, तेव्हा उरलेल्या पैशावर ७ टक्के परतावा धरला, तर साधारण पावणेतीन कोटी लागतात (ऐकून ते हसलेच, सगळेच हसतात पहिल्यांदा).

आता १५ हजारांची एसआयपी वीस वर्षं तशीच ठेवली, १० टक्के परतावा धरला, तर होतात १ कोटी १४ लाख. म्हणजे अर्धेही नाहीत. पण तीच रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेली, म्हणजे पुढच्या वर्षी साडेसोळा, मग अठराच्या आसपास, तर २ कोटी ४० लाखांपर्यंत जातं, वर पीएफचे अंदाजे चाळीस लाख, झालं गणित. ५५ ला थांबले तर हेच सगळं धरून एक कोटी तीस लाखच्या आसपास जमतात, आणि पुरवायची असतात तीस वर्षं, त्याला लागतात २ कोटी ४० लाख. पाच वर्षांनी एवढा फरक का, तर शेवटच्या वर्षांतच एसआयपीचा हप्ता मोठा असतो आणि जुन्या पैशाला वाढायला वेळही मिळतो.

मिसेस मध्येच म्हणाल्या, "अहो, पण विसाव्या वर्षी एसआयपीचा हप्ता किती होईल?" बरोबर पकडलं त्यांनी, ९० हजारांच्या वर जातो! पगार वाढला नाही तर हे कोसळतं. म्हणून आम्ही असं ठरवलं की त्यांचा १८ हजारांचा घराचा हप्ता ५२ व्या वर्षी संपतो, तो त्याच महिन्यापासून एसआयपीत वळवायचा, नाहीतर तो गाडीत जातो, मी बघितलंय. आणि एखाद्या वर्षी इन्क्रीमेंट ४ टक्केच मिळालं तर तेवढंच वाढवायचं, पण बंद करायचं नाही.

परतावा १० ऐवजी ८ टक्केच मिळाला तर चाळीसेक लाख कमी पडतात, तेव्हा ६२ पर्यंत काम करावं लागेल, हे मी आधीच सांगून ठेवलं. आणि पीएफचा यूएएन नंबर एकच ठेवा, पुढची नोकरी बदलली तर पीएफ ट्रान्सफर करा, काढू नका. यावर ते जरा गप्प झाले, मागच्या वेळी त्या पैशात बाईक आली होती.