तबल्याच्या मुलाच्या पालकांना पत्र

*'मी लहान मुलांना तबला शिकवतो. पालकांना प्रगतीचं पत्र कसं लिहू? घरी रियाज घ्या म्हटलं की म्हणतात, "सर, आम्हाला त्यातलं काय कळतं?"'*

मी अमळनेरकडे शिकवतो. माझं पहिलं पत्र एका ओळीचं होतं: 'लय कच्ची आहे, रियाज वाढवावा.' वडिलांनी पोराला रोज तासभर बसवलं. महिन्याने तो तीच चूक दुप्पट वेगात वाजवत आला. चूक माझी होती. काय ऐकायचं ते मी लिहिलंच नव्हतं.

मग दुसरं लिहिलं, साधारण असं:

'सप्रेम नमस्कार. तीन महिन्यांत तीनतालाचा ठेका पाठ झाला आहे, हात नीट पडतो. अडचण एकच, "खाली" म्हणजे ठेक्याच्या तिसऱ्या भागाची. घरी ठेका असा म्हणवून घ्या:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

डावीकडचा डग्गा घुमतो ना, तो घुमारा तिसऱ्या भागातल्या पहिल्या "धा"नंतर थांबायला हवा. "तिं तिं ता" आणि पुढचा "ता" एवढे चार बोल फक्त उजव्या हाताचे. "धिं"ला डग्गा परत येतो. त्याचा डावा हात सवयीने त्या चार बोलांवरही पडतो. दुसरं, घड्याळ लावा. सेकंदाला एक बोल धरला तर चार आवर्तनांना, म्हणजे सोळा बोलांचा हा ठेका चारदा म्हणायला, 64 सेकंद लागतात. 50 लागले तर तो पळाला. आधी तोंडाने टाळी देत म्हणू द्या, मग वाजवू द्या. रोज पंधरा मिनिटं पुरे. थकला की थांबवा, चुकीचा हात पक्का झाला तर मोडायला फार वेळ लागतो.

आणि तबला पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात चामड्याची पुडी ताणली जाऊन सूर चढतो, तिच्यावरची काळी शाईही तडकू शकते.'

वडील दिवसभर केळीच्या बागेत, त्यामुळे घरी आजीच बसली. तिला मात्रा कळत नाहीत, पण घुमारा कळतो. पोरगं सांगत होतं, ती जात्यावरून मान वर न करता म्हणते, 'आवाज बंद व्हयना नही रे!'

पत्रात 'हुशार आहे, पण लक्ष नाही' असलं काही लिहू नका. ते वाचून पालक फक्त रागावतात. कानाने किंवा घड्याळाने तपासता येईल अशी एकच चूक धरा. दुगुनीचं, म्हणजे दुप्पट लयीचं, या पत्रात मुद्दामच काढलं नव्हतं. महिन्याने तो आला तेव्हा चार आवर्तनांना 61 सेकंद लागले आणि खालीत डावा हात मांडीवर होता. दुगुन त्यानंतरच्या पत्रात.