इनसाइट्समधले पुरुष-बायका, वय आणि शहर कितपत खरे?

प्रश्न: माझं इन्स्टावर साड्यांचं पेज आहे, सांगलीचं, १००० फॉलोअर्स. इनसाइट्समध्ये ६२% पुरुष आणि टॉप सिटी मुंबई दाखवतंय. हे खरं धरायचं का?

उत्तर: ताई, अंदाज म्हणून बघा, पण त्याच्या जोरावर माल भरू नका.

आधी ते ६२% बघू. जेंडर फॉलोअरने प्रोफाइलमध्ये स्वतः भरलेलं असतं, आणि तिथे 'सांगायचं नाही' असाही ऑप्शन आहे. ॲपमध्ये मात्र पुरुष आणि बायका असे दोनच आकडे दिसतात आणि बेरीज बरोब्बर १००, मग न सांगणारे गेले कुठे? हाच डेटा एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने थेट इन्स्टाकडून मागवून काढला तर M, F आणि U असे तीन खाने येतात, U म्हणजे माहीत नाही. आता समजा तुमच्या १००० मध्ये M ४००, F २४५ आणि U ३५५ आहेत. U सोडून उरलेल्या ६४५ पैकी ४०० म्हणजे ६२%, झालं! पण ते U मधले सगळे बायका निघाल्या तर बायका ६०० होतात आणि चित्रच उलटं. आपल्याकडे नको ते मेसेज येतात म्हणून कितीतरी जणी जेंडर लिहीतच नाहीत, आणि एखादीचं अकाउंट नवऱ्याने किंवा भावाने काढून दिलेलं असतं ते वेगळंच, त्यामुळे साड्यांच्या पेजवर हा घोळ जास्तच होणार.

वयाचं थोडक्यात सांगते. ते जन्मतारखेवरून येतं, १३ ते १७, १८ ते २४, २५ ते ३४ असे गट पाडून. इन्स्टाने नवीन लोकांना जन्मतारीख विचारायला सुरुवातच २०१९ च्या शेवटी केली, जुन्यांना २०२१ मध्ये, आणि शाळेतली पोरं बिनधास्त आधीचं साल टाकतात.

शहराची गंमत वेगळी आहे. ते लोकांनी लिहिलेलं नसतं, मुख्यतः फोन कुठून नेटला जोडलाय त्यावरून ठरतं. मोबाइल डेटावर हजारो लोक कंपनीच्या एकाच गेटवेतून, म्हणजे नेटवर जायच्या एकाच दारातून बाहेर पडतात आणि तो गेटवे बहुतेक मोठ्या शहरात असतो, म्हणून मिरजेतली बाईसुद्धा मुंबईची किंवा पुण्याची दिसू शकते. घरच्या वायफायवर हे जरा बरं असतं. शिवाय लिस्टमध्ये वरची मोजकीच शहरं दिसतात, त्यांच्या टक्क्यांची बेरीज करून बघा, ४०% च्या आसपास आली तर उरलेले ६०% लोक कुठले ते तुम्हाला दिसतच नाहीये. फॉलोअर्स फारसे वाढलेले नसताना एखादं शहर एकदम वरखाली झालं तर लोकांनी घर बदललेलं नसतं, अंदाज बदललेला असतो.

तुमच्याकडे याहून चांगला डेटा आहेच की, कुरिअरच्या पावत्या. मागच्या ऑर्डरींचे पिनकोड काढा, सांगलीचे ४१६ ने सुरू होतात, मुंबईचे ४०० ने. विकत घेणारे कुठले हे त्यातून कळेल. नुसते बघणारे हवे असतील तर स्टोरीवर 'तुम्ही कुठून?' असा पोल टाका, फक्त त्यात रोज स्टोरी बघणारेच उत्तर देतात एवढं धरून चाला.